मदत हवी आहे : दोन राखाडी टिक आल्या, पण निरोप फोनवर गेला की दुकानातल्या संगणकावर?

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. अवकाळी पावसानं कापूस भिजला, म्हणून गाडीवाल्या दादांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, "उद्या गाडी आणू नका." घरी निरोपापुढं घड्याळच राहिलं, म्हणजे तो फोनमधून निघालाच नव्हता. टाकीपाशी गेल्यावर एक टिक आली, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचला. रात्री दोन राखाडी टिक झाल्या, पण निळ्या काही होईनात.

निरोप दाबून धरून माहिती पाहिली. 'पोहोचला'समोर वेळ आहे, 'वाचला'समोर काहीच नाही. माझ्या सेटिंगमध्ये वाचल्याची पावती सुरू आहे. ती बंद असती तर मलाही निळ्या टिक दिसल्या नसत्या. त्यांनी आपली बंद ठेवली असेल असं वाटून आवाजी निरोप पाठवला, कारण तो ऐकल्यावर माइक निळा होतो, पावती बंद असली तरी. माइकही राखाडीच आहे. फोन लावला तर बंद लागतो, आणि त्यांच्या घरचा दुसरा नंबर माझ्याकडे नाही.

आता अडचण अशी, की त्यांचं खातं दुकानातल्या संगणकालाही जोडलेलं आहे. जोडलेल्या यंत्रावर निरोप पोचला तरी दोन टिक येतात, हे मला माहीत आहे. गाडी पहाटे निघते, दुकान मात्र दहाला उघडतं.

तर निरोप त्यांच्या खिशातल्या फोनवर पोचला की फक्त संगणकावर, हे माझ्या बाजूनं ओळखता येतं का?