‘सापेक्ष’ अपुरेपणा: कशाच्या मानाने?

मीनल, गुहागर
बाबांच्या डिस्चार्जच्या कागदावर सेप्टिक शॉक, म्हणजे इन्फेक्शनने प्रेशर कोसळणं, याच्या खाली एक ओळ आहे: ‘रिलेटिव्ह ॲड्रिनल इन्सफिशियन्सी, हायड्रोकॉर्टिसोन दिले’. आत्याला समजावून सांगायचं म्हणून मराठी करायला बसले. शाळेच्या पुस्तकातलं ‘अधिवृक्क ग्रंथी’ आठवलं आणि ‘सापेक्ष अधिवृक्क अपुरेपणा’ असं लिहिलं. आत्या म्हणाली, “म्हणजे झालं काय त्याला?” मलाही सांगता येईना. आणखी एक कोडं आहे. कॉर्टिसोल हे याच ग्रंथीचं संप्रेरक, त्याचा त्याच रात्रीचा रिपोर्ट 28 आलाय आणि लॅबने शेजारी 5 ते 25 छापून वर जाणारा बाण काढलाय. जास्त आहे तर अपुरं कसं?

अप्पा, मालवण
‘कमी’ आणि ‘अपुरं’ एक नव्हे. कमी मोजून ठरतं, अपुरं गरजेवरून ठरतं. चौघांचा भात शिजवला आणि सहा पानं वाढायची झाली, तर भात कमी शिजला असं कोणी म्हणत नाही, पुरला नाही म्हणतात. ‘अपुरा’ हा शब्दच ‘पुरणे’वरून आलाय, गरज त्यात आधीच आहे. त्यामुळे ‘सापेक्ष’ मला जास्तीचा वाटतो. मी ‘तोकडेपणा’ सुचवेन. शर्ट तोच असतो, मूल वाढतं, मग तो तोकडा होतो. बाबांचं कॉर्टिसोल 28 होतं, पण आजाराला 40 लागत असेल.

राजन, वेंगुर्ला
आमच्या आईलाही हेच झालं होतं. दम्यासाठी बरीच वर्षं प्रेडनिसोलोन चालू होतं. बरं वाटतंय म्हणून तिने आपणहून बंद केलं. आठवड्यात उलट्या, चक्कर, बीपी 80 वर. ग्रंथी झोपली असं डॉक्टर म्हणाले. मीनलताई, बाबांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम थांबवू नका.

मीनल, गुहागर
राजनदादा, बाबांना कधीच गोळ्या नव्हत्या. लघवीच्या इन्फेक्शनचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत आयसीयूत गेले.

डॉ. सावनी, रत्नागिरी
राजन, तुमच्या आईचा आजार खरा आणि गंभीर होता, पण तो वेगळा. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूकडून ग्रंथीला येणारा निरोप बंद होतो आणि ग्रंथी काम सोडते. तिथे कॉर्टिसोल खरंच कमी असतं. मीनलच्या बाबांचं तसं नाही, आणि ‘सापेक्ष’ हा शब्द याच दोघांतला फरक दाखवायला आला. म्हणून अप्पा, तो मी टाकणार नाही.

‘तोकडेपणा’ अर्धाच लागू पडतो. आजाराला 40 लागतं असा आकडा कोणाकडेच नाही. शिवाय 28 मधून ग्रंथी किती बनवतेय तेही कळत नाही. इतक्या आजारी माणसात यकृत आणि मूत्रपिंडांचं कॉर्टिसोल मोडायचं काम मंदावतं. टाकी भरलेली दिसते, पण वरून पाणी जोरात येतंय की खालची तोटी बंद झालीय, हे नुसतं टाकीत डोकावून सांगता येत नाही. त्यातच कॉर्टिसोल वाहून नेणारं प्रथिन रक्तात कमी होतं आणि नेहमीची तपासणी बांधलेलं व मोकळं दोन्ही एकत्र मोजते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पेशीत पोचलेल्या कॉर्टिसोललाही पेशी दाद देत नाहीत. म्हणून 28 वर बाण काढला तरी अपुरेपणा नाही असं त्यातून ठरत नाही.

मीनल, प्रेशर वाढवणाऱ्या औषधाच्या, नॉरॅडच्या, पंपाचे आकडे आहेत का?

मीनल, गुहागर
आहेत. मी वहीत लिहीत होते, दुसरं काही सुचत नव्हतं. वजन 60 किलो. सिरिंजवर ‘नॉरॅड 4 मिलीग्रॅम, 50 मिली’ अशी चिठ्ठी होती. संध्याकाळी सहाला पंप साडेचारवर, रात्री नऊला नऊवर, बाराला साडेतेरावर. तरी वरचं-खालचं धरून सरासरी प्रेशर 58 ते 60. साडेबाराला हायड्रोकॉर्टिसोन 50 मिलीग्रॅम शिरेतून, मग दर सहा तासांनी तितकंच. सकाळी आठला पंप नऊवर आला, प्रेशर 68. तिसऱ्या दिवशी दुपारी पंप काढला. मधे शुगर 270 गेली, इन्सुलिन लावलं. बाबांना मधुमेह नाही, म्हणून मी फार घाबरले होते.

डॉ. सावनी, रत्नागिरी
तुमच्या वहीत सगळं आलंय. त्या सिरिंजच्या एका मिलीत 80 मायक्रोग्रॅम औषध होतं. ताशी साडेतेरा मिली म्हणजे 1080 मायक्रोग्रॅम, मिनिटाला 18. ते 60 किलोला भागलं की 0.3. मिनिटाला दर किलोमागे 0.25 किंवा जास्त नॉरॅड लागतंय आणि सुरू करून चार तास तरी झालेत, तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनचा विचार करा, असं 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आहे. मात्रा दिवसाला 200 मिलीग्रॅम. बाबा बरोबर तिथेच होते. सहा तासांत औषध तिप्पट करूनही सरासरी प्रेशर किमान हव्या असलेल्या 65 ला पोचत नव्हतं, आणि निर्णय त्यावर झाला, 28 वर नव्हे.

रक्तवाहिन्या नॉरॅडला दाद देत नव्हत्या. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसोलच, त्याने त्यांची ती दाद परत येते. वाहिन्या सैल पाडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची निर्मितीही ते आवरतं. पण ते इन्फेक्शन मारत नाही. अँटिबायोटिकला उशीर झाला असता किंवा मूत्रमार्गात खडा अडकून पू साचला असता, तर पंप खाली आला नसता. आणि शुगर वाढली त्यात आजाराचा वाटा होता तसा हायड्रोकॉर्टिसोनचाही.

शैलजा सिस्टर, चिपळूण
आमच्याकडे पूर्वी यासाठी तपासणी करायचे. ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक एसीटीएच 250 मायक्रोग्रॅम शिरेतून द्यायचं, आधी आणि नंतर अर्ध्या व एक तासाने रक्त घ्यायचं. कॉर्टिसोल 9 पेक्षा कमी वाढलं की ‘सापेक्ष’ अपुरेपणा. म्हणजे व्याख्या आहेच की. ही तपासणी करूनच स्टेरॉइड द्यावं ना?

डॉ. सावनी, रत्नागिरी
सिस्टर, व्याख्या तशीच होती. 2002 मध्ये फ्रान्समध्ये 300 रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांचं कॉर्टिसोल वाढत नव्हतं त्यांना हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा फायदा दिसला. 2008 च्या कॉर्टिकस अभ्यासात शॉक लवकर उतरला, पण कॉर्टिसोल वाढणाऱ्यांतही आणि न वाढणाऱ्यांतही. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. तपासणीने कोणाला द्यायचं हे ठरेना, म्हणून या कामासाठी ती मागे पडली.

जीव वाचतो का, याचं उत्तर अजून एक नाही. 2018 मध्ये दोन मोठे अभ्यास आले. एकात नुसतं हायड्रोकॉर्टिसोन होतं, शॉक लवकर उतरला पण 90 दिवसांच्या मृत्यूत फरक पडला नाही. दुसऱ्यात फ्लुड्रोकॉर्टिसोनही दिलं होतं, तिथे मृत्यू 49 टक्क्यांवरून 43 वर आले. फरक त्या जोड औषधामुळे की मुळातच जास्त आजारी रुग्णांमुळे, यावर आम्ही अजून भांडतो.

शैलजा सिस्टर, चिपळूण
आणि थांबवताना? आमचे एक डॉक्टर पंप निघाला की त्याच दिवशी बंद करतात, दुसरे तीन दिवस उतरवत नेतात.

डॉ. सावनी, रत्नागिरी
दोन्ही चालतं. मी एकदम थांबवते आणि पुढचा दिवस प्रेशरवर डोळा ठेवते. परत घसरलं तर पुन्हा सुरू करते. राजन, तुमच्या आईच्या बाबतीत मात्र हे करायचं नाही. तिला कधी मोठं आजारपण आलं किंवा ऑपरेशन ठरलं, तर दारातच सांगा की इतकी वर्षं प्रेडनिसोलोन होतं. तिच्यासाठी पंप 0.25 वर जायची वाट बघत नाहीत.

अप्पा, मालवण
‘तोकडेपणा’ मी मागे घेतो. त्यात दोष सगळा शर्टाचा होतो. ‘दाद न देणे’ नेमकं आहे, पण त्यात ग्रंथीचं नाव येत नाही आणि कागदावर तर ग्रंथीचंच नाव आहे. एका शब्दात दोन्ही बसेल असं मला अजून दिसत नाही.

मीनल, गुहागर
आत्याला असं सांगितलं: “बाबांच्या अंगात ते संप्रेरक होतं, पण त्या आजारापुढे पुरलं नाही. शिरा प्रेशरच्या औषधाला दाद देईनात, म्हणून बाहेरून दिलं.” तिने लगेच विचारलं, “मग आता घरी गोळी का नाही दिली?”

डॉ. सावनी, रत्नागिरी
कारण आता पुरतंय. तरी पुढच्या काही आठवड्यांत फार थकवा, उभं राहिल्यावर चक्कर किंवा उलट्या झाल्या, तर सकाळी आठला कॉर्टिसोल तपासून घ्या. तेव्हाचा आकडा उपयोगाचा असेल.