सगळंच 'अर्जंट' लिहिलं, तर मेंटेनन्सवाल्याने आधी कुठे धावायचं?

कळंगुट फ्रंट ऑफिस: आमच्या हॉटेलात ४२ खोल्या, ग्रुपात २३ माणसं. २०४च्या बाथरूमच्या छतातून पाणी गळत होतं. रात्री ८ला 'अर्जंट' म्हणून ग्रुपवर टाकलं, ८.४०पर्यंत कोणी फिरकलं नाही. ग्रुप न बघणाऱ्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापावा, एवढाच नियम पुरे.

म्हापसेकार: वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो. त्याच ग्रुपावर चादरींचा हिशेब, उद्याचा रोस्टर आणि वाढदिवसाचे केक येतात. अशा ग्रुपाचा आवाज माणूस बंद करणारच. आणि २३ जणांना एकदम सांगितलेलं काम कोणाचंच नसतं. तिघांनी वाचलं असेल, तर तिघांनाही वाटलं असेल की दुसरा गेला.

पाणी दिव्याच्या होल्डरपर्यंत पोचलं की शॉकचा धोका. तिथे मेसेज नाही, थेट फोन. आधी पाहुण्याला बाहेर काढा, त्या खोलीचा एमसीबी पाडा. मग ड्युटीवरच्या प्लंबरला फोन, म्हणजे तो वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करील. पाच मिनिटांत उचलला नाही तर यादीतला पुढचा माणूस, त्यानंतर ड्युटी मॅनेजर. ग्रुपावर शेवटी एकच ओळ: '२०४, प्लंबर निघाला, ८.०७.' ती मदत मागायला नाही, बाकीच्यांनी पुन्हा धावू नये म्हणून.

पर्वरीची सुपरवायझर: फोन दोनदा लावायचा, एवढंच शिकवा. दुसऱ्यांदा लावला की सायलेंटवरचा फोनही वाजतो.

म्हापसेकार: ताई, हे अर्धंच खरं. सायलेंट वेगळा, 'डू नॉट डिस्टर्ब' वेगळा. दुसऱ्या फोनाची सवलत 'डू नॉट डिस्टर्ब'ला आहे, तीही सेटिंग चालू असेल तरच. अँड्रॉइडवर दुसरा फोन १५ मिनिटांच्या आत यावा लागतो, आयफोनवर ३ मिनिटांच्या. नुसता सायलेंट केलेला फोन दहादा लावला तरी गप्पच. शिवाय तळघरातल्या पंपरूममध्ये रेंज नसते. तिथे वॉकी लागते, आणि शिफ्ट सुरू होताना एकदा बोलून तपासावी लागते.

फोंड्याचा फार्मसीवाला: आमच्याकडे फ्रिजचं तापमान ८ अंशांवर गेलं की लगेच फोन. तुम्हीही सगळ्याला आकडा ठरवा.

कळंगुट फ्रंट ऑफिस: लस आणि हॉटेल एक नव्हे हो. पाहुणा चिडला याला कुठला आकडा लावू?

म्हापसेकार: आकडा चिडण्याला नाही, वेळेला लावा. अर्ध्या तासात हात लावला नाही तर कोणाला इजा होईल का, नुकसान वाढत जाईल का, पाहुणा खोलीबाहेर अडकेल का? एकाचं उत्तर 'हो' असेल तर फोन. एसी थंड करत नाही, पण खोली रिकामी आहे, तर ते ग्रुपावर. गिझरचा बदललेला एलिमेंट हँडओव्हर वहीत, कारण पुढच्या शिफ्टला तो चार दिवसांनीही शोधावा लागतो.

काणकोणची हाउसकीपर: वही आणि टायपिंग हे तुम्हा ऑफिसवाल्यांना सोपं. आमच्या मजल्यावर कोणी कारवारचं, कोणी ओडिशाचं, कोणी नेपाळचं. आम्ही व्हॉइस पाठवतो आणि त्यावरून बोलणी खातो.

म्हापसेकार: जनरेटरशेजारी उभं राहून दीड मिनिटाचा व्हॉइस ऐकू येत नाही. खोलीचा नंबर शेवटी येतो. नंतर शोधायला गेलं तर सापडतही नाही.

काणकोणची हाउसकीपर: मग मुलीने लिहायचंच नाही की काय? गळतीची खबर तिलाच आधी लागते! चुकीचं लिहील या भीतीने ती गप्प बसली, तर तुमची यादी काय कामाची?

पर्वरीची सुपरवायझर: हे मात्र खरं. खोलीच्या नंबरपाटीचा फोटो, मग बिघाडाचा फोटो. भाषाच नको.

म्हापसेकार: बरं, फोटो मान्य. व्हॉइसही चालेल, पण दहा सेकंदांचा आणि आधी नंबर. गळतीला मात्र फोटोही नको, फ्लोअरच्या इंटरकॉमवरून थेट फोन.

कळंगुट फ्रंट ऑफिस: फोनची यादी लावतो, ठीक आहे. पण मेसेज पोचला की नाही ते कळायलाच हवं. माझ्या मेसेजवर रात्रभर एकच टिक होती.

म्हापसेकार: ग्रुपात दुसरी टिक सगळ्यांच्या फोनांवर पोचल्यावरच येते. सुट्टीवरच्या एकाचा फोन बंद असला तरी एकच टिक राहते. मेसेज दाबून धरा, `Info` उघडा, कोणी वाचलं ते नावानिशी दिसतं. आणि २३ जणांत त्या रात्री ड्युटीवर किती होते, ते सांगा. त्याआधी पगाराला हात लावू नका.

कळंगुट फ्रंट ऑफिस: सात. पगाराचं मागे घेतो. पण दोनला पाहुणा येणार आणि दीडला एसी बंद पडला, तर तो फोन की ग्रुप?

पर्वरीची सुपरवायझर: ग्रुप. दुसरी खोली द्या.

म्हापसेकार: डिसेंबरात दुसरी खोली कुठून आणणार? फोन.