मदत हवी आहे : दारू सुटली, पण भावाची आठवण परतेना

यवतमाळकडच्या खेड्यातून लिहितो आहे. मोठा भाऊ कित्येक वर्षं मोहाची दारू प्यायचा, शेवटी जेवणही सुटलं. पोळ्याच्या सुमारास त्याची बुबुळं थरथरायला लागली, पाय फाकवून चाले, बरळे. आम्ही नशाच समजलो. गावात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तो आणखी गुंगला. जिल्ह्याचे डॉक्टर म्हणाले, थायमिन म्हणजे बी-१ संपलंय, ते ग्लुकोजच्या आधी शिरेतून द्यायला हवं होतं. इंजेक्शनांनी डोळे दोन दिवसांत सुधारले. पण सकाळचं जेवण त्याला दुपारी आठवत नाही. विचारलं की म्हणतो, "वावरात कापूस वेचून आलो," आणि तो तर बाजेवरून उठलेलाही नसतो. तो मुद्दाम खोटं बोलत नाही, हे आईला कसं समजावू? दारू बंद, गोळ्या चालू ठेवून कुणाच्या घरच्या माणसाची आठवण कितपत परतली?