‘विस्थापित पाणी’: आठवीच्या पोरांना कोणता शब्द द्यावा?

वैनगंगाकाठ
मी पवनी तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवते. काल ‘वस्तूने विस्थापित केलेल्या पाण्याचे वजन’ असं फळ्यावर लिहिलं, तर एक पोरगा उठून म्हणाला, “मॅडम, गोसेच्या धरणात आमचं गाव विस्थापित झालं. पाणी आलं अन् माणसं गेली. मंग इथं पाणीच विस्थापित कसं?” निम्मा वर्ग पुनर्वसनाच्या गावांतला आहे, त्यामुळे कुणालाच हसू आलं नाही. या पोरांना तो शब्द घरातून आलेला आहे, पुस्तकातून नाही. दुसरा साधा शब्द सुचवा. त्याच पोराचा पुढचा प्रश्न असा होता: “गिट्टी डुबते अन् लोखंडाचं जहाज तरंगते, तर पाण्याले कसं समजते कोणाले डुबवाचं?” यावर सूत्राशिवाय बोलायचं आहे.

शब्दवेडा
विस्थापित म्हणजे जागेवरून हलवलेलं, त्यामुळे शब्द अगदी बरोबर आहे. पोरांना दुसरा अर्थ माहीत आहे म्हणून परिभाषा का बदलायची? आज हा शब्द सोडला तर उद्या ‘प्लावक बल’ही सोडावं लागेल. तोही सुंदर शब्द आहे. मूळ धातू ‘प्लु’, म्हणजे तरंगणं आणि उडी मारणंही. म्हणून संस्कृतात माकडाला प्लवंग म्हणतात, नावेला प्लव म्हणतात, आणि पुरात बुडालेल्या मुलखाला आपण जलप्लावित म्हणतो.

झाडीचा
ताई, आमच्याकडं ‘सारणं’ म्हणतात. भरल्या टोपल्यात हात घातला तर तांदूळ सारून हात आत जाते. ‘सारलेलं पाणी’ म्हणा. समजावून सांगायचं तर सोपं आहे: कोणतीही वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी सारते, अन् तेवढंच पाणी तिले वर ढकलते.

जुना मास्तर
भाऊ, ‘सारलेलं’ हा शब्द मला फार आवडला. पण तुमचं दुसरं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि पोरांचा घोळ नेमका तिथंच होतो. आपल्या वजनाइतकं पाणी सारते ती फक्त तरंगणारी वस्तू. बुडालेला दगड आपल्या अंगाइतकं, म्हणजे जेवढी जागा व्यापतो तेवढंच पाणी सारू शकतो.

मी वर्गात हे करून दाखवत असे. एक गिट्टीचा दगड सुतळीनं ताणकाट्याला बांधायचा. हवेत काटा 800 ग्रॅम दाखवायचा. मग काठोकाठ भरलेल्या गंजात तो दगड बुडवायचा, पण तळाला टेकू द्यायचा नाही. टेकला की वजन तळ पेलतो आणि काटा खोटं बोलतो. दगड पूर्ण पाण्याखाली गेला की काटा 500 वर येतो. गंजातून सांडलेलं पाणी खालच्या परातीत जमतं. ते मोजलं की 300 ग्रॅम भरतं. 300 नं हलका झाला आणि 300 सांडलं, हे पोरं स्वतः वाचतात. पाण्यानं दगडालाही ढकललं, कमी पडलं इतकंच. दगडाचं अंग आहे तेवढंच, आणखी पाणी सारायचं तर ते आणायचं कुठून?

विहिरीवरची
माझ्या माहेरी विहीर होती म्हणून लिहिते. पितळी गुंड दोराला बांधून सोडला की तो पाण्यावर आडवा तरंगायचा, हिसका द्यावा लागायचा. भरल्यावर पाण्यातून ओढताना काहीच वाटायचं नाही. पण गुंड पाण्याबाहेर आला की दोर तळहात कापायचा. आई म्हणायची, “पाणी सोडलं की ओझं लागते.” याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. हे तेच का?

जुना मास्तर
तेच, ताई! वैनगंगाकाठ मॅडम, तुमच्या पोरासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. समजा गुंड 2 किलोचा आहे आणि त्यात 10 लिटर पाणी मावतं. रिकामा गुंड पाण्यावर अलगद सरळ धरला तर तो 2 लिटर पाणी सारेपर्यंत खाली जातो आणि थांबतो, कारण 2 लिटर पाण्याचं वजन 2 किलोच असतं. पाण्याला काही समजायची गरज पडत नाही. गुंड स्वतःच खाली जात राहतो. जितका खाली जातो तितकं जास्त पाणी सारतो, आणि वजनाची बरोबरी झाली की थबकतो. आता आत लोट्यानं पाणी ओता. 1 लिटर ओतलं की गुंड आणखी 1 लिटर सारतो. आत 8 लिटरच्या थोडं पुढं गेलं की काठच पाण्याखाली येतो. सारायला अंग उरत नाही आणि गुंड जातो.

बुडाल्यावर आत पाणी आणि बाहेरही पाणी. मग गुंड फक्त आपल्या पितळेपुरतं, जेमतेम पाव लिटर पाणी सारतो. म्हणून पाण्यात हाताला पावणेदोन किलोच लागतो. बाहेर आला की पूर्ण 12 किलो. आई बरोबर सांगत होती. जहाज म्हणजे मोठा रिकामा गुंड. तळाला भोक पडलं तर लोखंड तेच असतं, पण आत शिरलेल्या पाण्याचं वजन वाढत जातं.

नागपूरकर
जहाजात हवा भरलेली असते, म्हणून ते तरंगतं. हवा हलकी असते, ती वर उचलते. आणि समुद्राचं पाणी खारट असतं, हे विसरू नका.

जुना मास्तर
हवा उचलत नाही. ती जागा धरते आणि तिचं वजन जवळजवळ काहीच नसतं, म्हणून जहाजाचं अंग मोठं राहतं. उचलतं ते बाहेरचं पाणी. खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो. त्यामुळे तळाला खालून बसणारा रेटा वरच्यापेक्षा जास्त असतो. खारटपणानं फरक पडतो, पण थोडाच. समुद्राचं 1 लिटर पाणी साधारण 1025 ग्रॅम भरतं. तेच जहाज नदीत आलं तर जरा जास्त खाली बसेल, इतकंच. आमच्या वैनगंगेतला ढीवरांचा डोंगा गोड्या पाण्यातच तरंगतो ना!

शब्दवेडा
उदाहरण उत्तम आहे. पण मूळ धाग्यात मॅडमनी ‘डुबते’ लिहिलंय. पोरगा बोलला ते ठीक, पण शिक्षकांनी ‘बुडते’च शिकवावं. डुबणं ही हिंदीची लागण आहे.

झाडीचा
लागण? माह्या आजीले हिंदी येत नव्हती, अन् ती डुबणंच म्हणायची. डुबकी मराठी नाही का?

विहिरीवरची
आमच्याकडं दोन्ही चालतं. ढोर तलावात डुबते, पण पैसे बुडतात. पैसे डुबले असं ऐकलं नाही.

जुना मास्तर
‘बुड’ आणि ‘डुब’ ही अक्षरांची अदलाबदल आहे. प्राकृतात ‘बुड्ड’ होतं, हिंदीत ते उलटून ‘डूब’ झालं. आपण जुनं रूप ठेवलं, पण सख्खी भावंडंच ती.

शब्दवेडा
तरी प्रमाण लेखनात ‘बुडणे’च. यावर मी ठाम आहे.

वैनगंगाकाठ
आज गुंड आणला होता. शाळेत ताणकाटा सापडला नाही, म्हणून वजन हातानंच पाहिलं. बादली काठोकाठ भरून रिकामा गुंड हळूच सोडला, खाली परात ठेवली. सांडलेलं पाणी त्याच पोरानं मापट्यानं मोजलं. थोडं जमिनीवर गेलं, तरी 2 लिटरच्या जवळ भरलं. मी फळ्यावर ‘सारलेलं पाणी’ लिहिलं आणि खाली ‘विस्थापित’ही ठेवलं, परीक्षेत तेच येईल म्हणून. तो पोरगा वहीत दोन्ही लिहीत नव्हता. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, मी ‘हटवलेलं पाणी’ लिहू?”

शब्दवेडा
हटवणे हिंदी.

झाडीचा
हे घ्या, झालं पुन्हा सुरू.