एक ग्रॅम प्रोटीन किती पैशाला? सोयावडी, अंडी, डाळ, शेंगदाणे की दूध

मेसचा_बळी
पुण्यात रूम घेऊन अभ्यास करतोय, दोन वेळची शाकाहारी मेस आहे, वजन ५८ किलो. वरचं प्रोटीन स्वस्तात कशातून घ्यावं म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचे भाव धरून गणित केलं. सुट्ट्या सोयावड्या १४० रुपये किलो म्हणजे ग्रॅमला २७ पैसे. मसूर डाळ ९० रुपये किलो, ३८ पैसे. शेंगदाणे १४०, ५६ पैसे. तूरडाळ पण १४०, ६४ पैसे. अंडं ७ रुपयांना, म्हणजे १ रुपया १७ पैसे. गायीचं दूध ५८ रुपये लिटर, १ रुपया ८१ पैसे. मग दूध अंडी सोडून रोज फक्त १०० ग्रॅम सोयावडी खाल्ली तर ५२ ग्रॅम प्रोटीन १४ रुपयांत होतं, बरोबर ना? की यात कुठे गंडतंय?

लातूरकर_८८
बरोबर आहे भावा, बिनधास्त खा. सोयावडी स्वस्त का पडते ते पण सांगतो, आमच्या भागात सगळा सोयाबीनचाच धंदा. बी गिरणीत गेलं की आधी तेल काढतात, ते वेगळं विकलं जातं, उरलेल्या पेंडीला डीओसी म्हणतात आणि त्यातलाच माणसाच्या खाण्यालायक माल दळून, दाबून, फुगवून वडी करतात. तेल निघून गेल्यामुळे उरलेल्यात प्रोटीनचं प्रमाण वाढतं, म्हणून अख्ख्या सोयाबीनमध्ये ३६-३८ ग्रॅम आणि वडीत ५२. फक्त पुड्यातली घेऊ नको, २०० ग्रॅमचा पुडा ५० रुपयांना घेतलास तर तोच ग्रॅम ४८ पैशाला जातो, मसुरीच्याही वर.

अंडाभुर्जी_फॅन
ह्या पैशाच्या गणितात एक मोठी गोची आहे आणि ती दरवेळी डाळवाले लपवतात. डाळीतलं प्रोटीन सगळं अंगी लागत नाही, अंड्याचं आणि दुधाचं जवळजवळ पूर्ण लागतं. डाळीचं नि शेंगदाण्याचं ढोबळ मानाने अर्धं धर. मग तूरडाळ १ रुपया २८ पैशावर जाते, म्हणजे अंड्यापेक्षा महाग!! शेंगदाणे १ रुपया १२. आणि तरी लोक म्हणतात डाळ गरिबाचं प्रोटीन. सोया ठीक आहे, त्याला ९० टक्के धर, ३० पैसे, तो माणूस जिंकला मान्य. पण डाळ नको बाबा.

खाद्यतंत्र_ताई
अंडाभुर्जी, तुझं अर्धं खरंय. डाळ अर्धी पकडायची ती कधी, जेव्हा माणूस दिवसभर नुसती डाळच खातो तेव्हा. तसा कोण खातो? डाळीत मेथिओनिन कमी असतं आणि लायसिन भरपूर, गव्हा-तांदळात नेमकं उलटं. पोळीबरोबर वरण आलं की दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणजे डाळीचा भाव तर खाली येतोच, वर तू आधीच पैसे मोजलेल्या पोळीचं प्रोटीनसुद्धा जास्त कामाला येतं. पचण्यात थोडं कमी राहतं ते राहतंच, पण १ रुपया २८ हा आकडा ताटात खरा नाही. शेंगदाण्यात लायसिनच कमी, त्यामुळे पोळीबरोबर त्याला तसा फायदा होत नाही, तिथे तुझं म्हणणं बरंच लागू पडतं.

आता मेसचा_बळी, तुझी चूक वेगळीकडे आहे. १०० ग्रॅम कुठल्या वजनाचे? कोरड्या की भिजवलेल्या?

मेसचा_बळी
भिजवून पिळून मग वजन करतो ताई, कोरडी कशी खाणार 😅 रूमवर छोटा काटा आहे.

खाद्यतंत्र_ताई
तिथेच गंडलं बघ. पुड्यावरचे ५२ ग्रॅम कोरड्या वडीचे. ३० ग्रॅम कोरडी वडी भिजून पिळली की साधारण ९० ग्रॅम भरते, बाकी सगळं पाणी. म्हणजे तुझ्या १०० ग्रॅम भिजलेल्या वडीत प्रोटीन सतराएक ग्रॅम, ५२ नव्हे. पैसे तू कोरड्या वजनाचेच देतोस त्यामुळे २७ पैशाचा हिशेब बरोबर आहे, पण पोटात किती गेलं हा तिप्पट चुकलाय. हीच गडबड डाळीत होते. लोक २२ ग्रॅम वाचतात आणि वाटीभर वरणाला लावतात. १०० ग्रॅम कोरड्या तुरीचं घट्ट वरण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे १०० ग्रॅम वरणात सहा, आणि मेसचं पातळ असेल तर त्याच्याही खाली.

मेसचा_बळी
च्यायला. आणि मी तीन आठवडे स्वतःला ५२ ग्रॅमवाला समजत होतो.

वरणभात_काकू
मेसच्या वरणाची परीक्षा अशी कर, वाटी न ढवळता पंधरा मिनिटं ठेव, खाली डाळ किती बसते ते बघ. माझा मुलगा बाहेर शिकायला होता तेव्हा त्याच्या डब्यातल्या वाटीत वर नुसतं पिवळं पाणी आणि फोडणी, खाली बोटभर गाळ. घरी मी एकाच्या वाटीला तीस ग्रॅम डाळ धरते, तेव्हा कुठे सहा-साडेसहा ग्रॅम मिळतात.

खाद्यतंत्र_ताई
काकूंची पद्धत मस्त 👌 आता पुढचा हिशेब कर, तुला एकूण किती लागतं ते न बघता स्वस्त-महाग काढून उपयोग नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस किलोला ०.८३ ग्रॅमची आहे, ५८ किलोला ४८ ग्रॅम. मेसमधून दिवसाला सहा पोळ्या धरल्या तर १८, भाताचे ४, दोन पातळ वाट्या वरणाचे ६, भाजीचे ३, सकाळच्या पोह्यांचे ४, असे मिळून ३५. तुला वरून लागतात १३, गोल आकडा म्हणून १५ धर. हे १५ तुझ्या भावात असे पडतात: सोयावडी ३० ग्रॅम कोरडी, सव्वाचार रुपये. मसूर साठ-बासष्ट ग्रॅम, साडेपाच रुपये, पण शिजवायला गॅस हवा. शेंगदाणे ६० ग्रॅम, साडेआठ रुपये. अडीच अंडी, साडेसतरा रुपये. दूध जवळजवळ अर्धा लिटर, २७ रुपये. जिम करणाऱ्याला जास्त लागतं, तो वेगळा हिशेब.

शेंगदाणा_किंग
मग शेंगदाणेच बेस्ट, ना शिजवणं ना भिजवणं ना काही, लायब्ररीत खिशातून काढायचे आणि खायचे. सोयाला वास येतो राव.

अंडाभुर्जी_फॅन
६० ग्रॅम शेंगदाण्यात ३४० कॅलरी आहेत, त्यातल्या बऱ्याच तेलाच्या. मुठीमुठीने खाताना ६० कुठे थांबतात, गप्पा मारताना २०० होतात आणि मग ११०० कॅलरी वर. दिवसभर खुर्चीत बसलेल्याला ते झेपणार नाही.

शेंगदाणा_किंग
तो ५८ किलोचा आहे, त्याला कॅलरी नको असतील असं तुला कोणी सांगितलं? उंची माहीत नाहीये आपल्याला. मेसचं खाऊन बारीक झालेला असेल तर तेलातल्या कॅलरी त्याला हव्याच असतील. आधी विचारा मग बोला.

मेसचा_बळी
उंची ५ फूट ९. बारीकच आहे 🙈

शेंगदाणा_किंग
बघा!!

खाद्यतंत्र_ताई
हा मुद्दा तुझा बरोबर. पण किंग, दाणे निवडून घे, सुरकुतलेला, काळपट, चावल्यावर कडू किंवा कुबट लागणारा दाणा थुंकून टाक, तो बुरशीचा असू शकतो. आणि त्या बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही, त्यामुळे भाजलेत म्हणून निर्धास्त राहू नये.

थायरॉईड_पण_आहे
मला वजन वाढवायचं नाही कमी करायचंय, सकाळी थायरॉईडची गोळी असते, दुधाने पोट फुगतं, मी कोणती पावडर घेऊ? आणि सोया खाल्लं की मुलांना बायकी हार्मोन होतात हे खरं का, भाऊ घाबरलाय.

खाद्यतंत्र_ताई
पावडरीचा विषय नाही इथे, पण गोळीचं महत्त्वाचं आहे म्हणून लिहिते. सोया गोळीचं शोषण कमी करू शकतं, त्यामुळे सकाळी गोळीला लागून सोया नको, दोन्हींत चांगलं अंतर ठेवा. किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. भावाला सांगा की पुरुषांवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा सोयाने टेस्टोस्टेरॉन बदललेलं दिसलं नाही. ३० ग्रॅम कोरडी वडी खाऊन काही होत नाही.

लातूरकर_८८
आमच्याकडे घराघरात लोक खातात, कोणाला मिशी कमी आली असं ऐकलं नाही 😂

मेसचा_बळी
आता अडचण अशी की रूमवर गॅसला परवानगी नाही, फक्त पाण्याची इलेक्ट्रिक किटली आहे. मालकीणबाई वास आला की दार वाजवतात.

खाद्यतंत्र_ताई
किटलीत वडी टाकायचीच नाही, तळाला चिकटते आणि फेस वर येऊन सांडतो. स्टीलच्या डब्यात ३० ग्रॅम वडी, चिमूटभर मीठ, वरून उकळतं पाणी, झाकण लावून दहा मिनिटं. मग गाळून मुठीत दाबून पिळ, पुन्हा साधं पाणी घालून पिळ. वास आणि गॅस करणारी बरीचशी साखर त्या पाण्यातच जाते, म्हणून ते पाणी फेकायचं. पिळलेली वडी चावल्यावर मधे कडक लागली तर पाणी गार होतं. काकडी, कांदा, लिंबू, तिखट मिसळून खा नाहीतर मेसच्या भाजीत ढकल. पहिल्या दिवशी १५ ग्रॅमच घे, एकदम ३० घेतलेस तर पोट डब्यासारखं वाजेल.

अंडाभुर्जी_फॅन
अंडीपण त्याच किटलीत होतात की. पाणी उकळून बटण पडलं की तसंच झाकून पंधरा मिनिटं ठेवायचं. मग काय त्रास? मेस शाकाहारी असली तरी रूम थोडीच शाकाहारी आहे.

वरणभात_काकू
अंडं किटलीत तडकलं की पांढरं तळाला चिकटतं आणि मग महिनाभर चहाला वास येतो, अनुभव आहे. आणि बाई दार वाजवतील ते वेगळंच.

अंडाभुर्जी_फॅन
काकू, साडेसतरा रुपयात मनाला चांगलं वाटतं, त्याची किंमत तुमच्या हिशेबात कुठे आहे? रोज सोया खाऊन दाखवा, आठव्या दिवशी डबा उघडावासा वाटत नाही. मी खाल्लंय एका सेमिस्टरला.

मेसचा_बळी
ठरवलंय, चार दिवस ३० ग्रॅम सोया, दोन दिवस दाणे, एका दिवशी अंडी बाहेर खायची. आठवड्याला सोयाचे १७, दाण्यांचे १७, अंड्यांचे २५-३० म्हणजे ६० ते ६५ रुपये. दूध चहापुरतं. काटा आता कोरड्या वडीसाठीच वापरणार.

अंडाभुर्जी_फॅन
अंडी तीन दिवस कर, मग बोलू.

लातूरकर_८८
आणि वडी सुट्टीच घे, पुडा नको.