ऑनलाइन परीक्षेत नेट गेलं तेव्हा शाळेला काय लिहिलंत?

लेकीची सातवीची ऑनलाइन परीक्षा सोमवारपासून आहे आणि आमच्या गल्लीत रस्ता खणलाय, नेट कधी जाईल नेम नाही. शाळेला आधीच चिठ्ठी द्यावी का? ज्यांनी वेळ वाढवून मागितली त्यांनी नेमकं काय लिहिलं ते सांगा.

भांडुपची आई
आधी एक ओळ कळवून ठेवा, पण खरी चिठ्ठी नेट गेलं त्याच दिवशी, पेपर लिहून झाल्या झाल्या क्लास टीचरना गेली पाहिजे. मी गणिताच्या वेळी मोबाइल डेटावरून पाठवलेली अशी:

"आदरणीय टीचर, सातवी ब, रोल नं. २३. घरचं नेट १०.४० ला गेलं. पेपर ११ ला वेळेत लिहून झालाय, ९ही पानांचे फोटो सोबत आहेत. क्लासरूममध्ये अपलोड करायला ११.४५ पर्यंत वेळ द्यावा ही विनंती. लिहायला जादा वेळ नको."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण शाळेला भीती कॉपीची असते, अपलोडची नाही. व्हॉट्सअॅप फोटो लहान करून पाठवतं म्हणून कमी रेंजमध्येही ते गेले, क्लासरूममध्ये तेच मोठे फोटो अडकून बसलेले. टीचरनी अर्ध्या तासात हो म्हटलं.

गिरगावकर
स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट जोडा, आणि राउटर बंद करून चालू करा, आमचं नेट तसंच येतं.

भांडुपची आई
दादा, राउटरवर एलओएसचा लाल दिवा असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नसतो, बहुतेक वेळा ती बाहेर तुटलेली असते, मग कितीही वेळा चालू-बंद करा, सहसा काही होत नाही, केबलवाल्यालाच फोन लावायचा. त्या दिव्याचा फोटो जोडा. आणि स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड नाही, अपलोडचा आकडा बघायचा, पेपर तिकडूनच जातो.

घाटकोपर पूर्व
आम्हाला चिठ्ठी लिहावीच लागली नाही, १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची लाईट गेली तेव्हा मुलाचा पेपर शाळेनेच पुढे ढकलला.

एक शिक्षिका, दादर
ताई, तेव्हा सगळ्यांचीच गेलेली, एका घरचं गेलं तर आम्हाला कळणार कसं? पालक संध्याकाळी लिहितात "नेट नव्हतं, वेळ द्या", किती वेळ, कुठला प्रश्न राहिला, काहीच नाही, मग मला मुख्याध्यापकांसमोर काय सांगायचं तेच कळत नाही. वरच्या चिठ्ठीत सगळं आहे, अशीला मी लगेच हो म्हणते. क्लासरूममध्ये उशिराचा शेरा पडतो तो मात्र राहतो, मार्क कापायचे की नाही ते आम्ही ठरवतो.

धागाकर्ती
मनापासून आभार. पण आमचा सायन्सचा पेपर पर्यायांचा आहे, फॉर्म ठरल्या वेळी बंद होतो आणि कागदावर काहीच नसतं. मधेच नेट गेलं तर पुरावा कसला द्यायचा?

एक शिक्षिका, दादर
तिथे अवघड आहे खरं. आमच्याकडे दुसरा प्रश्नसंच देतात, तुमच्या शाळेचं आत्ताच विचारून ठेवा.