अनुभव धागा: मेंदी, हेअर डाय आणि सनस्क्रीनचे डाग. तुम्ही किती वेळात हात लावलात?

डिचोलीची गृहिणी
मुलाच्या पांढऱ्या सुती शर्टाची कॉलर धुतल्यावर केशरी झाली. धुण्याआधी कॉलर नीट पाहिली होती, नुसती तेलकट होती, रंग काही नव्हता. रविवारी तो मित्रांबरोबर मोरजीला गेला होता, मानेला सनस्क्रीन फासलेले. शर्ट तीन दिवस धुण्याच्या टोपलीत पडून राहिला. मग बोअरवेलच्या पाण्याने मशीनला लावला आणि बाहेर आला तो गंजाचा डाग घेऊन. मी क्लोरीनचे ब्लीच टाकले, तर केशरीचा तपकिरी झाला.
अजून फेकलेला नाही. सनस्क्रीन असो, मेंदी असो, डाय असो, आपापला अनुभव लिहा. कापड कुठले होते, किती वेळाने धुतले आणि पाणी कुठले, एवढे मात्र नक्की सांगा.

कांदोळीचा लाँड्रीवाला
ताई, तो गंजाचाच डाग आहे असे समजा. पाहुण्यांचे टॉवेल आणि उशीचे अभ्रे धुण्यात माझी सोळा वर्षे गेली. ऑक्टोबर ते मे हा डाग रोजचा.
सनस्क्रीनच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत अ‍ॅव्होबेन्झोन लिहिलेय का पाहा. काही बाटल्यांवर त्याचेच लांबलचक नाव असते, ब्यूटाइल मिथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन. हा पदार्थ कपड्यावर असेपर्यंत दिसत नाही. पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की केशरी होतो. म्हणून डाग धुतल्यावर दिसतो आणि लोक साबणाला दोष देतात. आपली जमीन जांभ्याची, त्यात डिचोली म्हणजे खाणपट्टा, तेव्हा बोअरच्या पाण्यात लोह असणारच. ब्लीचने ते लोह आणखी गंजते.
आता पुढचे नीट वाचा. शर्टात ब्लीच उरलेले असताना त्यावर लिंबू किंवा कसलेही आंबट घालू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि छातीत जातो. आधी नळाच्या पाण्यात तीन-चारदा खळबळून ब्लीचचा वास पूर्ण घालवा. मग कपभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून त्यात कॉलर अर्धा तास बुडवा. स्वच्छ धुवून उजेडात पाहा. फिकट झाली असेल तर पुन्हा तेच करा. डाग जाईपर्यंत इस्त्री नको आणि कडक उन्हात वाळवणेही नको.
पुढच्या वेळी समुद्रावरून आल्या आल्या, पाणी लागण्याआधी, कोरड्या कॉलरला भांडी घासायचे लिक्विड चोळून पंधरा मिनिटे ठेवा. सनस्क्रीनचे तेल सुटले की लोहाला धरायला काही उरत नाही. पहिले पाणी नळाचे घ्या.

पेडण्याची आजी
आमच्याकडे सगळ्यावर एकच औषध, लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवणे. गंजाचे डाग मी असेच घालवले. मेंदीलाही तेच करायचे.

फोंड्याची मेंदीवाली
आजी, गंजाला लिंबू बरोबर, पण मेंदीला नको हो. हातावरची मेंदी रंगावी म्हणून आम्हीच वर लिंबू-साखरेचे पाणी लावतो. तेच कपड्यावर लावले तर डागही रंगायला बसतो.
मागच्या लग्नसराईतला प्रसंग सांगते. नवरीच्या मावशीच्या रेशमी साडीवर कोनातून वालाएवढा गोळा पडला. ती पुसायला गेली, मी तिचा हात धरला. पुसले की गोळ्याचा पट्टा होतो. चमच्याच्या कडेने तो वरच्यावर उचलला. खाली फिकट केशरी ठिपका होता. साडी उलटी करून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडली, म्हणजे रंग आला त्याच वाटेने परत जातो. मग थेंबभर सौम्य लिक्विड बोटाने टेकवले, पुन्हा धार. हे चार वेळा केले. सगळे मिळून दहा मिनिटांत झाले आणि ठिपका दिसेनासा झाला.
त्याच दिवशी दुसऱ्या एका पाहुणीने परकराला लागलेली मेंदी वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्याने धुतली. तो डाग हातावरच्या मेंदीसारखाच गडद झाला. परकर सुती पांढरा होता म्हणून केमिस्टकडचे हायड्रोजन पेरॉक्साइड, 3 टक्क्यांचे, लावून पाहिले. फिकट झाला, पूर्ण गेला नाही. रेशीम आणि लोकर मेंदीचा रंग कातडीसारखाच पकडतात, तिथे उशीर झाला तर मी आशा दाखवत नाही. रंगीत कपड्यावर पेरॉक्साइड आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून बघा.

सत्तरीचा बागायतदार
मला काजूच्या बोंडूचा डाग विचारायचा आहे. हंगामात माझे सगळे शर्ट छातीवर तपकिरी होतात. लिंबू चालेल का?

कांदोळीचा लाँड्रीवाला
भाऊ, तो डाग वेगळा. बोंडूचा रस ताजा असतानाच साध्या पाण्याने काढलेला मी पाहिला आहे, वाळल्यावर मला कधी जमला नाही. कुणाला जमला असेल तर लिहा.

मडगावची शिक्षिका
माझे उदाहरण एकाच कुर्त्याचे. फिकट निळा, सुती. घरी डाय करताना दोन थेंब पडले. एक पडताना दिसला. कुर्ता तसाच नळाखाली धरला, लिक्विड चोळले, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला. तिथे आज काहीच नाही. दुसरा थेंब पाठीवर होता, तो डोके धुताना, म्हणजे अर्ध्या तासाने दिसला. तोवर काळा झाला होता. स्पिरिटच्या बोळ्याने थोडा रंग बोळ्यावर आला, पण करडा ठिपका कायम आहे.
मला नंतर सलूनमधल्या बाईंनी समजावले. ट्यूब आणि डेव्हलपर एकत्र केल्यावर मिश्रण आधी फिकट असते, रंग पुढच्या वीस-तीस मिनिटांत तयार होतो. केसांत जे होते तेच सुतात. फिकट आहे म्हणून लोक थेंबाकडे दुर्लक्ष करतात, आणि धुवून जाण्याची वेळ नेमकी तीच असते. आता मी डायला बसताना ओले फडके आणि लिक्विड शेजारी घेऊनच बसते.

पेडण्याची आजी
मेंदीचे पटले गो बाय. पण गंजाला लिंबापेक्षा बिंबल भारी. पिकलेली बिंबले चिरून डागावर चोळायची. कोयत्याच्या गंजाचे डाग माझी सासू असेच काढी.

कांदोळीचा लाँड्रीवाला
आजी, खरे आहे. बिंबलात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असते, गंज काढायच्या औषधांतही तेच घालतात. फक्त फार वेळ ठेवू नका, सुताला बरे नाही.

पेडण्याची आजी
आम्ही तासभर ठेवायचो, कापडाला काही झाले नाही.

डिचोलीची गृहिणी
चार पाण्यांत ब्लीचचा वास गेला. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पहिल्या अर्ध्या तासात काठ फिकट झाले, दुसऱ्या वेळी बहुतेक कॉलर पांढरी. ब्लीच थेट ओतले होते तिथे नखाएवढी पिवळट सावली उरली. त्यावर शेजारणीने दिलेले बिंबल दहा मिनिटे चोळून धुतले. आता उजेडात धरली तरच दिसते.
लाँड्रीवाल्या दादा, पाण्यात लोह किती, हे घरी कसे कळेल?

कांदोळीचा लाँड्रीवाला
नेमका आकडा लॅबमध्येच कळतो. पण पांढऱ्या बादलीत बोअरचे ताजे पाणी भरून रात्रभर उघडे ठेवा. भरताना नितळ आणि सकाळी पिवळसर, असे झाले तर लोह आहे.

डिचोलीची गृहिणी
ठेवली होती. सकाळी तळाशी बोटाला लागेल एवढा तांबूस गाळ. पांढरे कपडे आजपासून नळाच्या पाण्याने, बादलीत.